अनुवादित तवारिखा आणि प्रवासवर्णने वाचताना तारखा-नावांच्या चुका कशा पकडाव्यात: सुरतेच्या लुटीचे उदाहरण

शिवकालावर मराठीत लिहिणाऱ्या बहुतेकांना अनुवादावर विसंबावे लागते. फारसी तवारीख इंग्रजीतून वाचायची, डच वखारीची पत्रे इंग्रजीतून वाचायची, फ्रेंच प्रवाशाचे वर्णन तर इंग्रजीतून मराठीत आलेले वाचायचे. अनुवादात एखादे वाक्य बिघडले तर वाचणाऱ्याला ते सहसा खटकते, कारण अर्थ लागत नाही. तारीख बिघडली तर काहीच खटकत नाही. ६ जानेवारी १६६३ आणि ६ जानेवारी १६६४ दोन्ही छापल्यावर सारख्याच खऱ्या दिसतात. नावांचेही तेच. म्हणून इथे जाणकाराची नजर पुरत नाही, प्रत्येक तारखेला आणि नावाला लावायच्या काही ठरावीक परीक्षा लागतात.

त्या परीक्षा मी एकाच घटनेवर लावून दाखवतो, ती म्हणजे सुरतेची पहिली लूट. तिच्याबद्दल इंग्रज, डच आणि मोगल अशा तिन्ही बाजूंनी लिहिले गेले, आणि तिघांची कालगणना तीन प्रकारची. चुका व्हायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

आधी पुस्तक कुठून कुठे आले ते लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर एवढेच लिहा: मूळ भाषा कोणती, मधल्या भाषा कोणत्या, प्रत्येक टप्प्याचे साल काय. उदाहरणार्थ फ्रेंच प्रवासी थेव्हेनो याच्या प्रवासवर्णनाचा हिंदुस्थानाविषयीचा भाग फ्रेंचमध्ये १६८४ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला आणि १६८७ साली इंग्रजीत आला. मराठी वाचक जे वाचतो ते त्या इंग्रजीवरून केलेले असेल, तर फ्रेंच उच्चारावर इंग्रजी स्पेलिंग आणि त्यावर मराठी लिप्यंतर, असे तीन थर प्रत्येक नावावर चढलेले असतात. नाव विचित्र वाटले तर कोणत्या थरावर बिघडले असेल याचा अंदाज यावरूनच येतो.

मग प्रस्तावना वाचा, पण एकच गोष्ट शोधण्यासाठी: तारखांचे अनुवादकाने काय केले? तीन शक्यता असतात. मूळ तारीख तशीच ठेवली, बदलून आजच्या पद्धतीची केली, किंवा मूळ ठेवून कंसात बदललेली दिली. प्रस्तावनेत याचा उल्लेखच नसेल तर दोन-चार ठिकाणी स्वतः तपासावे लागते. त्याशिवाय पुढचे कोणतेही गणित करू नये, कारण आधीच बदललेली तारीख आपण पुन्हा बदलून बसतो. सुरतेच्या बाबतीत तसे झाले तर ६ ची १६ आणि १६ ची २६ जानेवारी होते, आणि शिवाजी महाराज सुरतेतून परतल्यावर जवळजवळ आठवड्याने सुरतेवर येतात.

आता त्या प्रकरणातल्या सगळ्या तारखा आणि नावे छापल्याप्रमाणे, जशीच्या तशी उतरवून घ्या. कंसातले वेगळ्या रकान्यात. वाराचा उल्लेख असेल तर तो हमखास. घाईत लोक वार गाळतात, आणि खरी किल्ली तीच असते.

तारीख कोणत्या पंचांगातली आहे

युरोपीय लोकांनी लिहिले म्हणजे तारीख आजच्यासारखीच, असे समजण्यात पहिली फसगत होते. पोर्तुगीज, फ्रेंच आणि हॉलंडचे डच सोळाव्या शतकाच्या अखेरीसच ग्रेगोरियन पद्धतीवर आले होते. इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन पद्धत सोडली नाही. शिवकालात या दोन पद्धतींत १० दिवसांचे अंतर होते, १७०० नंतर ते ११ दिवसांचे झाले. त्यामुळे सुरतेतल्या इंग्रज वखारीत ज्या दिवशी ६ जानेवारी लिहीत, त्याच दिवशी जवळच्याच डच वखारीत १६ जानेवारी लिहीत. दोन्ही पत्रांचे अनुवाद शेजारी ठेवून एखादा लेखक ‘डच वृत्तान्तानुसार मराठे दहा दिवस उशिरा आले’ असे लिहू शकतो, आणि वाचणारा त्यावर विश्वासही ठेवतो.

इंग्रजांची दुसरी खोड याहून त्रासदायक. त्यांचे कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नव्हे तर २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १६६३ हे साल २५ मार्च १६६३ ला सुरू होऊन २४ मार्च १६६४ पर्यंत चाले. आपण ज्याला जानेवारी १६६४ म्हणतो त्याला जुन्या इंग्रजी रीतीने जानेवारी १६६३ म्हणत. काही लिहिणारे सावधपणे १६६३/४ असे जोडसाल लिहीत, आणि अनुवादक किंवा जुळारी त्यातला शेवटचा ४ सोडून देई.

म्हणून नियम असा: १७५२ पूर्वीच्या इंग्रजी कागदातली तारीख १ जानेवारी ते २४ मार्च या दरम्यान असेल, तर तिच्या सालाबद्दल नेहमी संशय घ्या. एप्रिल ते डिसेंबरच्या तारखांना ही भीती नाही. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अशाच धोक्याच्या पट्ट्यात येते. तिथे आणखी एक गंमत आहे. शके १५५१ मध्ये सरसकट ७८ मिळवणाऱ्याला १६२९ हे साल मिळते, कारण फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात हे तो विसरतो. जुन्या इंग्रजी रीतीनेही ते सालच १६२९ पडते. दोन अगदी वेगळ्या कारणांनी आलेले एकच चुकीचे साल एकमेकांना पुरावा म्हणून उभे राहते. दोन साधनांचा मेळ बसला म्हणजे तारीख पक्की झाली, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

वाराची परीक्षा

पंचांग बदलले, साल कुठूनही मोजले, तरी वार बदलत नाही. ज्युलियन ६ जानेवारी आणि ग्रेगोरियन १६ जानेवारी हा एकच दिवस असेल तर दोन्हींचा वार एकच आला पाहिजे. सगळ्या तपासणीत इतकी स्वस्त आणि इतकी कठोर परीक्षा दुसरी नाही.

मराठे सुरतेत आले तो वार बुधवार, आणि रविवारी ते परतले. आता समजा, आपल्या हातातल्या मराठी पुस्तकात ‘बुधवार, ६ जानेवारी १६६३’ असे छापले आहे. तपासायचे कसे?

शिवकालासाठी खरे जंत्री आणि पेशवाईसाठी मोडक जंत्री अजूनही उपयोगी आहेत. इसवी सन ७०० ते १७९९ या मोठ्या पट्ट्यासाठी स्वामिकन्नू पिल्लई यांचे पंचांगाचे खंड आहेत. कोणतीही जंत्री उघडली की तिच्यातली इंग्रजी तारीख ज्युलियन आहे की ग्रेगोरियन, हे तिच्याच प्रस्तावनेत बघून घ्यावे. संगणकावर करायचे असेल तर लिनक्सवरचा `cal` हा आदेश १७५२ पूर्वीच्या तारखा ज्युलियन दाखवतो. खात्री करायला `cal 9 1752` देऊन पाहा: २ नंतर एकदम १४ तारीख दिसली तर तुमचा `cal` इंग्रजांच्या रीतीने चालतो.

```
cal 1 1664
cal 1 1663
```

पहिल्यात ६ तारखेला बुधवार दिसतो, दुसऱ्यात मंगळवार. पायथॉन मात्र सगळा भूतकाळ ग्रेगोरियन धरून मोजतो, म्हणून त्याला १६ तारीख द्यावी लागते:

```
import datetime
print(datetime.date(1664, 1, 16).strftime("%A"))
```

उत्तर `Wednesday`. इथेच ६ जानेवारी १६६४ दिली तर रविवार येतो. फोनमधली बरीच कॅलेंडर ॲपेही पायथॉनसारखीच मोजतात, त्यामुळे ‘वार जुळत नाही, म्हणजे साधनच खोटे’ असा निष्कर्ष काढणारे लोक बहुधा चुकीच्या पंचांगात बघत असतात.

तर बुधवार जुळतो तो १६६४ च्या ज्युलियन ६ जानेवारीला. छापलेले १६६३ हे साल इंग्रजी वर्षारंभाचे अवशेष ठरले. दोनदा बदललेली २६ जानेवारी १६६४ ही तारीख ग्रेगोरियनने शनिवार निघते, म्हणजे तीही बाद. एका वाराने तीन चुकीचे पर्याय निकालात निघाले.

वार चुकीचा लिहिलेला असू शकतो का? असू शकतो, विशेषतः प्रवाशाने परत गेल्यावर आठवणीतून लिहिले असेल तर. पण रोजनिशी आणि वखारीची पत्रे यांत वार सहसा तारखेपेक्षा भरवशाचा असतो. लिहिणाऱ्याला आज कोणता वार आहे हे ठाऊक असते. तारीख पुढे नकलून घेताना बिघडते.

क्रमाची परीक्षा

वाराचा उल्लेखच नसेल तर आसपासच्या घटनांच्या ओळीत तारीख बसते का ते पाहायचे. लाल महालातला शायिस्ताखानावरचा छापा ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा. सुरत त्यानंतरची, याबद्दल कोणत्याही बाजूचे दुमत नाही. सुरतेवर जानेवारी १६६३ घातली की सुरत आधी आणि लाल महाल नंतर असे होते. गंमत म्हणजे मूळ इंग्रजी कागदात क्रम बरोबरच असतो: १६६३ चा एप्रिल आधी, १६६३ चा जानेवारी नंतर. तो वखारवाला चुकलेला नसतो, त्याचे वर्ष न समजता ज्याने साल उचलले तो चुकलेला असतो.

क्रमाची परीक्षा लावताना ऋतूही बघा. इंग्रजी पत्रांत सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने ७, ८, ९, १० या आकड्यांपुढे ‘बर’ जोडून लिहिण्याची पद्धत होती, लॅटिन आकड्यांवरून. आठ आणि ‘बर’ म्हणजे ऑक्टोबर. हे ठाऊक नसलेला अनुवादक त्याचा आठवा महिना, म्हणजे ऑगस्ट करतो. सुरतेची दुसरी लूट ३ ऑक्टोबर १६७० ची. ती अशा रीतीने ३ ऑगस्टला गेली, तर भर पावसात, नद्या दुथडी भरलेल्या असताना घोडदळ सुरतेपर्यंत गेले असे मानावे लागेल. मोहिमा दसऱ्याच्या सुमारास निघत. पावसाळ्यातली मोठी दौड दिसली की महिन्याचे नाव मुळात कसे लिहिले होते ते शोधा.

हिजरी तारखांकडे वळताना

मोगलांच्या हिजरी कालगणनेत सुरतेची लूट जमादिलाखर १०७४ मध्ये पडते. ढोबळ पडताळ्यासाठी हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे: १०७४ चे १०४१.८, अधिक ६२२ म्हणजे १६६३.८. हे सालाच्या आरंभाच्या जवळपासचे उत्तर आहे. १०७४ हे साल जुलै-ऑगस्ट १६६३ मध्ये सुरू होते, जमादिलाखर त्याचा सहावा महिना, म्हणजे जानेवारी १६६४. ‘१०७४ हिजरी, अर्थात १६६३’ असा कंस ज्याने घातला त्याने वर्षारंभाचे साल घेतले आणि महिना पाहिलाच नाही. हिजरी साल जवळजवळ नेहमी दोन इसवी सालांत विभागलेले असते. महिन्याशिवाय एकच इसवी साल देणारा कंस हा अंदाज समजावा, पुरावा नव्हे.

दिवसापर्यंत जायचे तर हिशेबी कोष्टकाने १७ जमादिलाखर येते. चंद्रदर्शनावर महिना सुरू होत असल्याने एक दिवस इकडेतिकडे होणार, तेवढी सूट द्यावी आणि उरलेला निर्णय वारावर सोडावा. मोडी पत्रांत ‘छ’ या खुणेपुढे येणारी तारीख हीच चांद्र तारीख असते. मराठी वाचकाला ती ओळखीची असली तरी अनुवादकांनी ती कधी कधी तिथी समजून घेतली आहे. शुद्ध-वद्य नाही आणि आकडा १५ च्या पुढे गेला आहे, एवढ्यावरूनच ती तिथी नव्हे हे कळते.

जोडनावांचे महिने ही नेहमीची अडचण: रबिलावल-रबिलाखर, जमादिलावल-जमादिलाखर, आणि जिल्काद-जिल्हेज. अनुवादात नुसते ‘रबी’ किंवा नुसते ‘जमादी’ आले तर एक महिन्याची अनिश्चितता धरूनच चाला.

राज्यवर्षांत वेगळा सापळा असतो. औरंगजेबाचे जुलूस साल १ रमजान १०६८ पासून, म्हणजे मे १६५८ पासून मोजतात. सहावे वर्ष म्हणजे १६५८ अधिक ६, असे करून १६६४ काढणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात सहावे वर्ष रमजान १०७३ ला, मार्च १६६३ च्या अखेरीस सुरू होते. लाल महालचा छापा त्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यातला, आणि सुरतही त्याच सहाव्या वर्षात. राज्यवर्षाची तारीख चांद्र महिन्यांवर चालते, म्हणून ती दर सौर वर्षाला सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते. जितका राज्यकाळ लांब, तितकी सरळ बेरीज चुकते.

फारसी-अरबी लिपीतले आकडे शब्दांत लिहिलेले असतील तर सात आणि नऊ यांकडे विशेष पाहा. ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘तिसा’ म्हणजे नऊ. मराठीत दोन्ही अगदी वेगळे दिसतात, पण अरबी लिपीत दोघांतला फरक फक्त नुक्त्यांचा असतो. सत्तर आणि नव्वद यांचेही तसेच. घाईत नक्कल करणाऱ्याने नुक्ते गाळले की सात-नऊ आणि सत्तर-नव्वद एकमेकांत मिसळतात. एखादी तारीख बरोबर २ किंवा २० वर्षांनी चुकलेली वाटली, तर कारण बहुधा हेच. आपल्याकडच्या शुहूर सनात हेच अरबी शब्द देवनागरीत किंवा मोडीत येत असल्याने ही गल्लत कमी होते. जानेवारी १६६४ चे शुहूर साल १०६४, शब्दांत ‘अर्बा सितैन अलफ’. जून ते डिसेंबरसाठी शुहूर सनात ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवतात, हे लक्षात ठेवले की पडताळा लगेच होतो.

दिवस कधी सुरू होतो

रात्रीच्या घटनांत एका दिवसाचा फरक दिसला तर लगेच चूक म्हणू नका. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून फारसीतली ‘सोमवारची रात्र’ म्हणजे आपली रविवारची रात्र. लाल महालचा छापा ५ एप्रिलला, रविवारी रात्री पडला. फारसी हिशेबात ती सोमवारचीच रात्र. अनुवादकाने शब्दशः ‘सोमवारी रात्री’ लिहिले तर घटना एक दिवस पुढे सरकते.

आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून उलट घडते. राज्याभिषेकाची वेळ शकावलीत शुक्रवारी, तीन घटका रात्र उरली असताना अशी आहे, आणि इंग्रजी तारखेने तो शनिवार, ६ जून १६७४ आहे. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटे. सूर्य उगवायच्या आधीचा तो तास-सव्वा तास आपल्या हिशेबात अजून शुक्रवारचा आणि मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्यांच्या हिशेबात शनिवारचा. दोन्ही साधने बरोबर आहेत.

उत्तरेकडच्या कागदांत आणखी एक गोष्ट सांभाळावी. तिथे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचे नाव एकच असते, पण वद्य पक्षात वेगळे होते. आग्र्याहून सुटकेची आपली तिथी श्रावण वद्य १२, शके १५८८. राजस्थानी पत्रांच्या हिशेबात तोच पंधरवडा भाद्रपद वदीचा. मराठी अनुवादात ‘भाद्रपद वद्य’ असे तसेच ठेवले तर मराठी वाचक ते एक महिना पुढे नेतो.

नावे: एक माणूस दोन होतो, दोन माणसे एक होतात

तारखांइतकी काटेकोर परीक्षा नावांना नाही, तरी चुका दोनच दिशांनी होतात.

पहिली, एका माणसाचे दोन होणे. तवारिखा माणसाला किताबाने ओळखतात. लाल महालच्या प्रसंगात अमीरुल्उमरा येतो, शायिस्ताखान येतो, आणि क्वचित मिर्झा अबू तालिबही येतो. तिघे एकच. त्याच मजकुरात ‘महाराजा’ म्हणजे जसवंतसिंग, आणि पुढच्या पानांवर ‘मिर्झाराजा’ म्हणजे जयसिंग. सूची करणाऱ्याने अमीरुल्उमरा आणि शायिस्ताखान यांना दोन ओळी दिल्या की पुढचा लेखक छावणीत दोन सरदार बसवतो. मोगल लेखक विजापूरच्या आदिलशाहाला ‘आदिलखान’ म्हणत, कारण त्याची शाही त्यांना मान्य नव्हती. पोर्तुगीजही त्याला इदालकाँव म्हणत आणि अहमदनगरच्या निजामशाहाला निझामालुको, म्हणजे निजामुल्मुल्क. ‘आदिलखान नावाच्या सरदाराने’ असे वाक्य मराठीत दिसले तर तो सरदार नसून विजापूरचा सुलतान असण्याची शक्यता आधी तपासा. कसोटी सोपी आहे: तो माणूस कोणाला नेमतो, कोणाला पत्र लिहितो, खंडणी कोणाकडून येते? अधिकार सुलतानाचा दिसला तर नाव सुलतानाचेच.

दुसरी, दोन माणसांचा एक होणे. १६६४ ला सुरतेच्या इंग्रज वखारीचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन. १६७४ ला राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन. जॉर्ज १६६९ मध्येच मरण पावला होता. मराठी लेखनात दोघांचेही पहिले नाव गाळून नुसते ‘ऑक्झेंडन’ लिहिण्याची सवय आहे, आणि मग सुरत वाचवणारा इंग्रज दहा वर्षांनी महाराजांना नजराणा द्यायला येतो. कथा म्हणून ते छानच वाटते. अशा वेळी प्रत्येक उल्लेखासमोर साल लिहा आणि त्या साली तो माणूस जिवंत होता का, त्या गावी होता का, एवढेच पाहा.

त्याच लुटीत सुरतेचा सर्वांत श्रीमंत व्यापारी विरजी व्होरा याचे घर लुटले गेले. काही पुस्तकांत त्याचेच नाव ‘बहारजी बोहरा’ असे येते. ‘व्होरा’चे ‘बोहरा’ झाले की वाचक त्याला बोहरा मुसलमान समजतो, आणि मग ‘लुटीत कोणाला त्रास झाला’ यावरची चर्चा चुकीच्या वळणावर जाते. व्होरा हे गुजराती वाण्यांचेही आडनाव आहे, आणि विरजी जैन होता. आडनावावरून धर्म किंवा जात ठरवायची असेल तर अनुवादातले नाव कधीच पुरेसे नाही. त्या माणसाने कोणत्या देवळाला, कोणत्या संघाला दान दिले अशी स्थानिक साधने लागतात.

स्थलनामे

स्थलनामाला दोन प्रश्न विचारा: हे अंतरात बसते का, आणि याच नावाचे दुसरे गाव आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे नमुने कोकणातच भरपूर. राजापूर एक रत्नागिरीकडचे, जिथे इंग्रजांची वखार होती, आणि दंडा-राजपुरी दुसरी, सिद्दीच्या ताब्यातली. इंग्रजी पत्रांत दोन्ही जवळजवळ सारखीच लिहिली जातात. मजकुरात वखार, माल, दलाल असतील तर राजापूर. सिद्दी, जंजिरा, आरमार असेल तर राजपुरी. साष्टी एक मुंबईजवळची आणि एक गोव्यातली, दोन्ही पोर्तुगीजांच्या. ‘साष्टीत चर्च जाळले’ असे वाक्य आले तर आधी कोणती साष्टी ते ठरवा, मग पुढे वाचा. दाभोळ आणि सिंधचे देवल यांची गल्लतही जुनी आहे. अरबी लेखकाच्या अनुवादात हे नाव आले आणि वर्णन सिंधू नदीच्या मुखाचे असले तर ते आपले दाभोळ नव्हे.

औरंगजेबाने जिंकलेल्या किल्ल्यांना नवी नावे दिली, त्यामुळे तवारिखांच्या अनुवादात ओळखीचे किल्ले दिसेनासे होतात. आझमतारा म्हणजे सातारा, सख्खरलाना म्हणजे विशाळगड, इस्लामगड म्हणजे रायगड, बख्शिंदाबख्श म्हणजे सिंहगड, फुतूहुल्गैब म्हणजे तोरणा. जुनी नावेही वेगळी: विशाळगड खेळणा, रायगड राहिरी, पन्हाळा ‘परनाला’. जुन्नर फारसीत ‘जुनैर’ सारखे लिहिले जाते, आणि नुक्ता हलला की ते आणखी वेगळे काही वाचले जाते. अनुवादात आलेले नाव नकाशावर सापडत नसेल तर त्यातल्या ब, प, त, न, य या अक्षरांच्या जागा एकमेकांत बदलून वाचून पाहा. अरबी लिपीत शब्दाच्या मध्ये ही सगळी अक्षरे एकाच दातावर उभी असतात, फरक नुक्त्यांच्या संख्येचा आणि जागेचा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अनुवादांत अशी चुकीची नावे इतकी शिरली होती, की शापूरशाह होडीवाला यांनी विसाव्या शतकात एलियट-डाऊसनच्या खंडांवर निव्वळ दुरुस्त्यांचा वेगळा ग्रंथ लिहिला. असे खंड वापरताना होडीवालांचा ग्रंथ शेजारी ठेवावा.

दुरुस्ती कशी नोंदवायची

चूक सापडली म्हणून मजकुरातली तारीख गुपचूप बदलू नका. पुढचा वाचक मूळ पुस्तकाशी ताडून पाहील तेव्हा तुमचीच तारीख त्याला चुकीची वाटेल. मजकुरात एकच पद्धत धरा. शिवकालासाठी मराठी इतिहासलेखनात ज्युलियन तारीख देण्याचा प्रघात आहे, आणि लेखाच्या सुरुवातीला तसे एकदा सांगितले की पुरते. बाकी सगळे टिपेत. सुरतेची टीप अशी होईल:

‘सुरतेत प्रवेश: बुधवार, ६ जानेवारी १६६४ (ज्युलियन). अनुवादात साल १६६३. ते २५ मार्चला सुरू होणाऱ्या इंग्रजी वर्षाचे. डच साधनांतील १६ जानेवारी १६६४ (ग्रेगोरियन) हाच दिवस. हिजरी सुमारे १७ जमादिलाखर १०७४, आलमगिरी जुलूस ६. शके १५८५, पौष वद्य.’

‘सुमारे’ हा शब्द हिजरी दिवसापुढेच आहे, कारण तेवढाच भाग गणिताने काढलेला आहे. जिथे वार नाही, क्रम ठरत नाही आणि मूळ प्रत हाती नाही, तिथे दोन्ही तारखा द्याव्यात आणि निवड करू नये. नावाच्या बाबतीतही तसेच: ‘राजापूर किंवा दंडा-राजपुरी, अनुवादावरून ठरत नाही’ एवढी ओळ टिपेत घालावी आणि पुढच्या नोंदीकडे जावे.